उरले फक्त सात दिवस

प्रत्येक हौशी नाट्यसंस्थेत एक लेखक असतो, एक दिग्दर्शक असतो, 'माझी भूमिका लहान का' असं विचारणारा एक नट असतो, आणि एक दिवसमोजे असतो. पहिले तिघे नाटक बसवतात. दिवसमोजे दिवस मोजतो. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त त्याच्या वीजबिलावर उरलं आहे.

शाळेत असताना सहामाही परीक्षेला किती दिवस उरले ते फळ्याच्या कोपऱ्यात रोज खडूने लिहिणारा मुलगा तुमच्याही वर्गात असेल. तो पुढे मोठा होऊन हाच होतो. स्वतःच्या लग्नाआधी त्याने आठवडाभर स्टोऱ्या टाकल्या होत्या. 'या, कारण मुहूर्त उन्हाचा नाही', 'या, कारण हॉल स्टेशनपासून चालत', 'या, कारण जेवणात मठ्ठा आहे'. मुलीकडच्या एका दूरच्या काकांनी आहेराचं पाकीट देताना नवरा-नवरीकडे न बघता थेट विचारलं होतं, "मठ्ठा कुठल्या बाजूला?" दिवसमोजेच्या मते तो त्या समारंभातला सर्वोच्च क्षण होता. बायकोचं मत निराळं आहे.

आमच्या नव्या नाटकाचा प्रयोग पुण्यात एका शनिवारी संध्याकाळी ७ वाजता होता. सभागृह दीडशे खुर्च्यांचं, तिकीट २०० रुपये. वाड्यातल्या शेवटच्या भाडेकरूची गोष्ट, दीड तास, मध्यंतर नाही. आधीच्या शनिवारी सकाळी दिवसमोजेने पहिली स्टोरी टाकली. काळ्या पार्श्वभूमीवर एक कुलूप, खाली 'उरले फक्त ७ दिवस' आणि पहिलं कारण : 'शहर बदलताना माणसाचं आतलं घर कुठे जातं, हे शोधणारी कलाकृती'. हे वाक्य दिग्दर्शकाने लिहून दिलं होतं. ३१२ जणांनी स्टोरी पाहिली, सतरा जणांनी आगीची चिन्हं पाठवली. तिकिटं गेली चार. त्यांतली तीन नायिकेच्या आईने घेतली होती.

आपण स्टोरी बघतो आणि अंगठा पुढे सरकवतो. दिवसमोजे ती कोणी बघितली ते बघतो. रात्री जेवण झालं की तो यादी उघडून बसतो आणि तीत त्याला माणसं नव्हे, रिकाम्या खुर्च्या दिसतात. "हा बघ, बँकेतला. रोज बघतो, दोन मिनिटांच्या आत बघतो. पण येणार नाही." आणि मग एकदम आवाज खाली आणून, "ह्याने मात्र कालची स्टोरी दोनदा बघितली असणार. आठव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आलाय." यादीतला क्रम कशावरून ठरतो हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पण ज्योतिष्यालाही कुठे कोणी सांगितलेलं असतं?

रविवारचं कारण होतं दिग्दर्शक. सोमवारचं, संगीत. दोन दिवसांची मिळून पाच तिकिटं. मंगळवारी त्याने तालमीतला वीस सेकंदांचा तुकडा टाकला. त्यात आमचा म्हातारा भाडेकरू ऐन भांडणात वाक्य विसरतो आणि घरमालकालाच विचारतो, "पुढे काय रे?" दिग्दर्शक संतापला, पण त्या दिवशी अकरा तिकिटं गेली. याचं श्रेय विनोदाला कमी आणि दिवसमोजेच्या एका हातचलाखीला जास्त. त्याने त्या स्टोरीत सगळ्या कलाकारांना, प्रकाशवाल्याला, रंगभूषेच्या ताईंना, अगदी कपाट वाहून आणणाऱ्या पोरालाही टॅग केलं होतं. चित्र बिघडू नये म्हणून ती नावं चिमटीने मुंगीएवढी केली होती आणि वर एक नाचणारी समई चिकटवली होती. नाव टॅग झालं की त्या माणसाला तीच स्टोरी आपल्या खात्यावरून पुढे टाकता येते. नटाला स्वतःचा चेहरा पुढे टाकायला सांगावं लागत नाही. कपाटवाल्या पोराने तर दोनदा टाकली.

इंस्टाग्राम तरुणांसाठी आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस मावशी-काकांसाठी, अशी त्याची सरळ वाटणी आहे. पण स्टेटसमध्ये एक मेख असते. दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर साठवलेला असेल तरच ते दिसतं. त्यामुळे प्रयोगाच्या पंधरा दिवस आधीपासून दिवसमोजे भेटेल त्याला विचारतो, "काकू, माझा नंबर सेव्ह आहे ना?" सोसायटीत गैरसमज झाला की तो विमा विकायला लागला आहे. दोघींनी जिना बदलला.

स्टोरी चोवीस तासांनी नाहीशी होते, आणि या धंद्यातल्या निम्म्या चुका याच एका गोष्टीतून निघतात. दिवसमोजेचा समज असा की जग त्याची मालिका पहिल्या भागापासून बघतं आहे. म्हणून मंगळवारच्या स्टोरीत त्याने ठिकाण लिहिलंच नाही, 'परवा सांगितलंय की!' पण मंगळवारी बघणाऱ्याने शनिवारची बघितलेलीच नव्हती आणि आता ती शोधूनही सापडणार नव्हती. नऊ जणांनी विचारलं, 'कुठे आहे?' नऊ जणांनी विचारलं म्हणजे न विचारता पुढे गेलेले किती, याचा हिशेब करत तो रात्री दीडपर्यंत जागा होता. तेव्हापासून कारण रोज नवं असलं तरी वार, वेळ, जागा आणि तिकिटाची लिंक ही चौकडी प्रत्येक चित्रात मुक्काम करून असते. तीही मधोमध. अगदी वर लिहिलं तर आपल्याच नावाच्या पट्टीखाली जातं, अगदी खाली लिहिलं तर उत्तर लिहायच्या चौकटीमागे.

दुसरी चूक 'उद्या' या शब्दाची. मागच्या एका नाटकाच्या वेळी त्याने आदल्या रात्री दहाला 'उद्या!' अशी स्टोरी टाकली होती. ती रात्री लोकांनी पाहिली तोवर ठीक. पण प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारलाही ती तिथेच होती आणि अजूनही 'उद्या' म्हणत होती. एक अख्खं कुटुंब नटूनथटून दुसऱ्या दिवशी सभागृहावर पोचलं. तिथे वधू-वर मेळावा चालू होता. ते थांबले, असं कळतं.

तिसरी गंमत उलट्या घड्याळाची. इंस्टाग्रामवर २०१८च्या डिसेंबरपासून उलटी गिनती करणारी एक चौकट चिकटवता येते. बघणाऱ्याने तिच्यावर बोट ठेवून आठवण मागून घेतली की गिनती संपताना त्याच्या फोनवर सूचना जाते. दिवसमोजेने ती पहिल्यांदा वापरली तेव्हा शेवटाची वेळ लावली प्रयोगाचीच, ७ वाजता. तेहेतीस जणांनी आठवण मागितली आणि तो आनंदाने दिवसभर गुणगुणत होता. सूचना चोख सातला गेली. इकडे तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि तेहेतीस घरांतल्या कुकरजवळ फोन वाजला : वेळ झाली! आता तो घड्याळाची वेळ शनिवारी दुपारी बारा अशी लावतो. त्यानंतरही माणसाला आंघोळ करून निघता येतं.

पण खरा चमत्कार घडला बुधवारी. कलेची कारणं संपली होती. लेखकाबद्दल लिहावं तर लेखक म्हणाला, माझं नाव नको, ऑफिसमध्ये रजा आजारपणाची टाकली आहे. हताश होऊन दिवसमोजेने सभागृहामागच्या मोकळ्या जागेचा फोटो काढला आणि लिहिलं, 'या, कारण दुचाकी आणि चारचाकी, दोन्ही लागतात. फुकट.' संध्याकाळपर्यंत बावीस तिकिटं! नाटकातल्या आतल्या घराने जे साधलं नव्हतं ते बाहेरच्या पार्किंगने साधलं. गुरुवारी त्याने आणखी धीर केला : 'मध्यंतर नाही. साडेआठला सुटतं. नऊला घरी जेवायला.' एकतीस तिकिटं. एका आजोबांनी फोन करून खात्री करून घेतली की साडेआठ म्हणजे साडेआठच ना, की नंतर सत्कार वगैरे आहे? सत्कार नाही म्हटल्यावर त्यांनी दोनाची चार केली.

शुक्रवारी त्याचा हात नेहमीप्रमाणे 'मोजकी तिकिटं शिल्लक'कडे वळला. मी त्याला अडवलं नाही, बुकिंगच्या ॲपने अडवलं. तिथे खुर्च्यांचा नकाशा सगळ्यांना दिसतो आणि आमचा अर्धा नकाशा अजून हिरवागार होता. मागे एकदा त्याने असंच ठोकून दिलं होतं, तेव्हा कोणीतरी त्या हिरवळीचा स्क्रीनशॉट काढून खाली 'दुष्काळ कुठे आहे?' असं लिहून पाठवला होता. म्हणून या वेळी त्याने जे खरं होतं ते लिहिलं : 'पहिल्या चार रांगा भरल्या. पाचवीतून चेहरे दिसतात, आठवीतून पंखा लागतो.' पंख्याच्या रांगा आधी गेल्या.

शनिवारी पडदा उघडला तेव्हा दीडशेपैकी एकशे अकरा खुर्च्या भरल्या होत्या. आमच्यासाठी ही दिवाळी. दिवसमोजे विंगेत उभा राहून नाटक नव्हे, प्रेक्षक बघत होता आणि कोण कुठल्या दिवसाचं, हे ओळखत होता. "ती मंगळवारची. तो बुधवारचा, हातात हेल्मेट नाही बघ. ते आजोबा गुरुवारचे." आजोबा साडेआठला घड्याळ बघत होते. आठ बत्तीसला त्यांनी टाळ्या सुरू केल्या, त्यामुळे नाटक संपलं.

त्या रात्री चहावर त्याने सिद्धान्त मांडला. सात दिवस आपण लोकांना यायची कारणं देतो. पण यायचं कारण त्यांच्याकडे असतंच. बरं वाटतं, ओळखीचं कोणीतरी काम करतं, शनिवार मोकळा असतो. त्यांच्याकडे भरपूर साठा असतो तो न यायच्या कारणांचा : गाडी कुठे लावू, किती उशीर होईल, उकडेल का, जेवणाचं काय. नवं कारण देण्यापेक्षा यातलं एकेक रोज काढून घ्यावं. "म्हणून पुढच्या वेळी," तो म्हणाला, "सातव्या दिवशीच पार्किंग."

दिग्दर्शकाचा चहा कपातच राहिला. "पहिल्याच दिवशी पार्किंग? आपण नाटक करतोय की वाहनतळ चालवतोय?"

"नाटक तुम्हीच करा," दिवसमोजे शांतपणे म्हणाला, "पण ते पडदा उघडल्यावर. लोक सोफ्यावरून उठेपर्यंतचा पहिला अंक माझ्याकडे आहे, आणि त्यात सगळी पात्रं आळशी आहेत."