आधी साल!

प्रत्येक घराण्यात एक तारीखवाला असतोच. आमच्यात ते भाऊकाका. आपण रंगात येऊन "परवा चौदा तारखेला काय झालं..." म्हणावं आणि त्यांनी हात वर करून थांबवावं, "आधी साल!" पुतणीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी पंचवीस मे हा मुहूर्त सुचवला, तर हे म्हणाले, "आधी साल, मग महिना, मग दिवस. पुढे शोधायला सोपं जातं." व्याही अजूनही त्यांच्याशी जपून बोलतात.

हे वेड लागलं घरातले सगळे फोटो संगणकावर चढवताना. संगणक नाव डावीकडून वाचतो. दिवस आधी लिहिला तर 01-05-1998 च्या मांडीला मांडी लावून 01-05-2016 बसते आणि आजोबांच्या पंचाहत्तरीत पणतूचं बारसं उरकतं. 1998-05-01 असं लिहिलं, की नावांचा क्रम तोच काळाचा क्रम. पाचच्या आधीचं शून्य गाळायचं नाही, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊ शकतो. हे ज्ञान काकांनी लोणच्याच्या बरण्यांवरही चिकटवलं. काकूंनी एकदा विचारलं, "मुरलंय का बघू?" उत्तर आलं, "आधी साल बघ!"

फोल्डरचा नियम सोपा आहे. वर्षाचा एक फोल्डर आणि त्यात प्रसंगाचे: `2007/2007-12-09_Lagna_Pune`. माणसांचे फोल्डर नाहीत. आतेबहिणीनं "फक्त माझे फोटो वेगळे ठेवा ना" म्हटल्यावर काकांनी तिला एक फोटो दाखवला. "यात सात माणसं आहेत. सात ठिकाणी ठेवू? उद्या एकीत तारीख सुधारली, की उरलेल्या सहा प्रती खोटं बोलणार." माणसांची नावं ते फोटोच्या आतच टॅग म्हणून भरतात, म्हणजे एक फोटो सातही नावांनी सापडतो. स्पेलिंगवर त्यांचा जागता पहारा. एकदा `Lagna` ठरलं की `lagn` नाही, `lagan` नाही, `wedding` तर नाहीच. मान्य शब्दांची यादी `00_Aadhi_Vacha.txt` मध्ये आहे. शून्यांमुळे ती सगळ्यात वर दिसते आणि तरीही कुणी वाचत नाही.

त्यांचा खरा शत्रू मात्र फुकटची तारीख. स्कॅन केलेल्या फोटोच्या पोटात स्कॅन केल्याची तारीख बसते, त्यामुळे काही दिवस आमच्या घराण्याचा अख्खा साठ-सत्तरचा काळ २०११ मधल्या एका रविवारी घडला होता. व्हॉट्सॲपवरून `IMG-20230814-WA0011.jpg` आला, तर त्यातली तारीख फोटो फोनवर आल्याची. काढल्याची वेळ वाटेतच गळून पडलेली असते. म्हणून सिडनीच्या पुतण्याला रात्री-अपरात्री फोन जातो, "डॉक्युमेंट म्हणून पाठव रे!" तो पाठवतो. झोपेत पाठवतो, पण पाठवतो.

साताऱ्याच्या मुंजीच्या फोटोवरून तर महाभारत झालं. मागे काही लिहिलेलं नाही. मोठ्या आत्यांनी शपथेवर सांगितलं, १९७१. काकांनी फोटो मोठा केला. बटूच्या डोक्यामागे भिंतीवर कालनिर्णय! ते सुरूच झालं १९७३ मध्ये. आत्या गप्प. पुढचा पुरावा काकूंचा. ताईचा जन्म जानेवारी १९७५ चा आणि फोटोत तिची आई सडपातळ, म्हणजे १९७४ च्या मध्यानंतरचा नाही. कालनिर्णयवरचं साल भिंगातूनही लागेना. मग नाव पडलं `197x-00-00_Munj_Satara_1973-74_001.tif`. जेवढे आकडे पक्के तेवढेच लिहायचे. न कळलेल्या सालाला x, महिन्या-दिवसाला शून्यं. x आकड्यांनंतर लागतो, म्हणून असे बेवारस फोटो आपापल्या दशकाच्या शेवटी एकत्र सापडतात आणि नवा पुरावा मिळाला की पुढे सरकतात. "अहो, मला आठवतंय ना!" आत्या कळवळल्या. "आठवतंय हे टॅगमध्ये लिहितो," काका म्हणाले. आणि लिहिलंही: "आत्यांच्या मते १९७१."

खरं सांगायचं तर माणूस छळवादी आहे. पण डिस्क चाळताना अगदी सुरुवातीला एक फाइल दिसते: `194x-00-00_Bhau_Aai_001.tif`. काकांचा लहानपणीचा एवढा एकच फोटो. त्यांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून, म्हणजे त्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते ती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. आईला विचारलं तर ती एवढंच सांगायची, "त्या साली पाऊस फार होता." आधार कार्डावर, पेन्शनच्या कागदांवर सगळीकडे मास्तरांची तारीख चालते आणि तिच्यावर शिक्केही आहेत. काकांनी ती फाइलच्या नावात घेतलेली नाही. जगाला साल विचारत फिरणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचं साल ठाऊक नाही, आणि ते भरून टाकण्याचा सोपा मोहही त्यानं केला नाही. टॅगमध्ये मात्र लिहून ठेवलंय: "आईच्या मते, पाऊस फार."