पन्नाशीच्या दुकानाचा वाढदिवस: पुतण्यांसाठी नियमावली

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली, स्टेशन कुठलंही घ्या. पाच मिनिटांच्या अंतरावर जुन्या इमारतीच्या तळमजल्याला एक किराणा दुकान असतं, गल्ल्यावर काका असतात आणि काकांना एक पुतण्या असतो. त्याने मार्केटिंगचा डिप्लोमा केलेला असतो आणि दुकानाला यंदा ५० वर्षं होतात हे नेमकं त्याच्याच लक्षात येतं. पुढचे नियम त्याच्यासाठी आहेत. काकांना नियम लागत नाहीत. ते ‘कशाला उगाच’ म्हणतात आणि बिल करायला लागतात.

नियम पहिला: आधी ५० वर्षं खरंच झाली आहेत का ते पाहावं. काका सांगतील दसरा, आत्या सांगेल पाडवा, आणि दोघांच्या वर्षांत दोनाचा फरक निघेल. अशा वेळी भिंतीवरचा गुमास्ता परवाना खाली उतरवून पुसावा. १९४८ च्या दुकाने कायद्याखाली मिळालेल्या त्या कागदावर तारीख असते. ती बहुधा मुहूर्तानंतरची निघते, कारण आपल्याकडे नारळ आधी फुटतो आणि कागद मागून होतात. परवाना वाळवीने खाल्ला असेल तर सर्वांत जुनी भाडेपावती शोधावी. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळं केलं, फक्त सूचना द्यायची ठेवली. तेव्हा नव्या कागदांत इतिहास शोधू नये. वर्ष पक्कं झालं की दिवस सोयीने घ्यावा: महिन्याचा पहिला आठवडा, पगार झालेले, पितृपक्ष नसलेला.

नियम दुसरा, आणि हा पुतण्याने पाठ करावा: ‘सगळ्यावर ५ टक्के सूट’ हे चार शब्द उच्चारू नयेत. समजा, १०० रुपयांच्या विक्रीत दुकानाला १२ रुपये सुटतात. ५ रुपये सूट दिली की हातात ७ उरतात. आधीइतकेच पैसे मिळवायचे तर जवळजवळ पावणेदोनपट माल विकावा लागेल. तो विकला जाईलही, कारण समोरच्या इमारतीतल्या काकू पुढच्या महिन्याचं तेल, साखर आणि साबण आत्ताच नेतील. मोहीम गाजली म्हणून पुतण्या पेढे वाटेल. मोहीम खरंच चालली की नाही हे पुढच्या महिन्याच्या विक्रीवरून कळतं, आणि तो महिना काका एकटे गल्ल्यावर बसून मोजतात. सूट द्यायचीच असेल तर दोन-तीन वस्तूंवर द्यावी. निम्मा भार कंपनीच्या वितरकाने उचलावा, असं त्याला दोन महिने आधी सांगावं. आयत्या वेळी तो फक्त कॅलेंडर देतो.

नियम तिसरा: ‘खरेदी करा, लकी ड्रॉमध्ये मिक्सर जिंका’ हे टाळावं. विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांमध्ये मोडतं. शिवाय मिक्सर ज्याला लागत नाही तो वर्षभर दुकानासमोरून तोंड फिरवून जातो.

नियम चौथा: चौकात फ्लेक्स लावायला महापालिकेची परवानगी लागते. काकांचा हसरा फोटो मिळत नाही हे दुसरं कारण.

नियम पाचवा. इथे पुतण्याची खरी पंचाईत आहे. त्याला नवीन ग्राहक हवेत, आणि ५० वर्षांच्या दुकानाचे जुने ग्राहक पुनर्विकासात पांगलेले आहेत. कोणी विरारला भाड्याने गेलं, कोणी बदलापूरला मुलाकडे. त्यांचे पत्ते संगणकात नाहीत, उधारीच्या वहीत आहेत. ती वही काढावी, नावं उतरवावीत आणि काकांनी स्वतः फोन करावेत. पुतण्याने केले तर समोरचा बाकी चुकवायची म्हणून धास्तावतो. ‘या रविवारी या, चहा घेऊ’ एवढंच बोलावं. एक जण येतो, तो तिघांना घेऊन येतो, आणि त्यांच्या गप्पा ऐकायला नवीन इमारतीतले लोक आपोआप थांबतात.

आणखी एक. दुकानाची जी खोड लोकांना पाठ आहे तिला त्या दिवशी हात लावू नये. पुण्याच्या चितळे बंधूंनी जुलै २०१७ पासून दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. काका सुटे पैसे नसले की चॉकलेट देतात आणि वर दोन शब्द ऐकवतात. वर्धापनदिनी त्यांनी गोड बोलायचं ठरवलं तर लोक तब्येतीची चौकशी करतील.

शेवटी भेटवस्तू. सुती पिशवी द्यावी. प्लास्टिकबंदीनंतर ती रोज वापरात येते, म्हणजे दुकानाचं नाव भाजीबाजारापर्यंत जातं. मात्र तिच्यावर ‘सुवर्णमहोत्सव’ छापू नये. ‘स्थापना’ आणि परवान्यावरचं वर्ष, एवढंच छापावं. उरलेल्या पिशव्या ५१ व्या वर्षीही चालतात, आणि पिशव्या उरतातच.