सवलत मर्यादित, मुदत अमर्यादित

हातमागाच्या साड्यांच्या छोट्या दुकानाचे बातमीपत्र ऋतुमानाप्रमाणे उगवते. गुढीपाडवा, नवरात्र आणि लग्नसराई हे त्याचे जुने हंगाम. 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन झाल्यामुळे ऐन पावसाळ्यातही त्याला एक बहर येऊ लागला आहे.

त्याचा पहिला भाग नव्या मालाचा. दुकान येवल्याच्या पैठण्यांचे असेल, तर 'नुकत्याच मागावरून उतरलेल्या पन्नास पैठण्या' अशी वर्दी असते. साध्या पदराच्या पैठणीला एका मागावर महिनाभर लागू शकतो आणि भरगच्च पदर कित्येक महिने खातो. तेव्हा पन्नास साड्या एकदम उतरायच्या, तर पन्नास विणकरांनी एकाच सकाळी कात्री उचलायला हवी. खऱ्या मागाचा माल असा लोंढ्याने येत नाही. एकाच ताण्यावर ओळीने काही साड्या विणल्या जातात, म्हणून त्यांच्या अंगाचा रंग साधारण सारखा आणि पदर तेवढे निराळे असतात. या सख्ख्या बहिणींना बातमीपत्रात 'मयूरी', 'राजेश्वरी' अशी नावे मिळतात आणि प्रत्येक जण 'एकमेव नग' ठरते.

दुसरा भाग सवलतीचा. समजा, साडी 12,000 रुपयांना विकायची आहे. तिच्यावर 16,000 ची चिठ्ठी लावावी आणि 25 टक्के सूट जाहीर करावी. गिऱ्हाइकाचे 4,000 वाचतात, दुकानाचे काहीच जात नाही आणि विणकराची मजुरी आधीच ठरलेली असल्याने त्याला या उदारपणाचा पत्ताही लागत नाही. मुदत 'फक्त 48 तास' असते. ती संपली की ग्राहकांच्या आग्रहास्तव वाढते. हा आग्रह कोणी धरला, याची नोंद कुठल्याही दुकानात ठेवत नाहीत.

तिसरा भाग छायाचित्रांचा. त्यात पदर नेहमी सुलट असतो. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. त्यामुळे मोर उलट बाजूनेही जवळपास तितकाच नेटका दिसतो. यंत्रमागावरच्या जॅकार्ड साडीत रंगीत धागे मागच्या बाजूने लांबवर धावतात. ते तसेच लोंबतात किंवा कापले जातात, आणि पदरामागे झिपऱ्या उरतात. म्हणजे उलट्या पदराचा एक फोटो टाकला की निकाल लागतो. बातमीपत्रांना ही युक्ती अजून सुचलेली नाही. यंत्रमागावरच्या साडीला 'हँडलूम फील' म्हणण्याची मात्र सुचली आहे.

तळाशी बारीक अक्षरांत शेवटची ओळ असते: 'हातविणीमुळे रंगात व विणीत किरकोळ फरक संभवतो, तो दोष समजू नये.' ही ओळ 'हँडलूम फील'च्या साड्यांखालीही छापतात. त्यांच्या शंभर नगांत फरक शोधून सापडत नाही.