बजेट गुलदस्त्यात ठेवणारा

हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत या रिक्रूटर गृहस्थाचा मुक्त संचार असतो. तो आपल्याला ‘डिअर कँडिडेट’ म्हणतो, कंपनीला ‘रेप्युटेड क्लायंट’, पगाराला ‘बेस्ट इन इंडस्ट्री’, आणि कामाबद्दल विचारलं तर काम ‘एक्सायटिंग’ आहे म्हणतो. आपल्याबद्दल मात्र त्याला सगळं हवं असतं: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटिस पिरियड, शिवाय तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ मुलाचं नाव-गाव न सांगता मुलीची पत्रिका मागू लागला, तर त्याला चहाही मिळायचा नाही. याला मात्र भली भली माणसं अर्ध्या तासात रेझ्युमे धाडतात.

बजेट त्याला ठाऊक नसतं असं मानणं हा भाबडेपणा आहे. कंपनीत जागा निघते ती बहुधा पगाराचा पट्टा मंजूर झाल्यावरच. तो झाकून ठेवण्यामागे हिशेब असतो: आधी तुम्ही आकडा बोललात की जुन्या पगारावर तीस टक्के चढवून विषय मिटवता येतो. काहींचं म्हणणं, त्याचं कमिशन वार्षिक पगारावर असतं, मग तो आपला पगार कशाला पाडेल? कमिशन पुष्कळदा ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार असतं, हे खरं. पण तुमचे लाखभर वाढले तर त्याच्या एजन्सीला मिळणार आठ हजार, आणि ताणाताणीत जागा हातची गेली तर शून्य. त्यामुळे त्याचा जीव गुंततो तो तुम्ही लवकर ‘हो’ म्हणण्यात.

म्हणून उत्तर गोड पण नेमकं लिहावं: ‘संधीबद्दल आभार. कंपनी कोणती, जेडी मिळेल का, नोकरी कंपनीच्या पेरोलवर की थर्ड पार्टीच्या, आणि मंजूर बजेटमध्ये फिक्स्ड किती?’ शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. समजा, तो ‘अठरा लाख’ म्हणाला. त्यात २.७० लाख व्हेरिएबल, एक लाख जॉइनिंग बोनस, आणि बेसिक सहा लाख असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ नि ग्रॅच्युइटी मिळून आणखी एक लाख. उरले १३.३० लाख, महिन्याला एक लाख अकरा हजारांच्या आत. तेही तुमचा पीएफ आणि कर कापण्याआधी.

पैशाचं आधी विचारलं तर हावरट दिसू, ही भीती आपल्याकडे फार. पण चार फेऱ्या देऊन, रजा खर्चून, शेवटी बजेट बारा लाखांचंच निघालं तर कोणाचं भलं झालं? बरं, कधीकधी त्याला खरोखरच काही माहीत नसतं. तेव्हा तो बहुधा दुसऱ्या एजन्सीकडून काम घेतलेला तिसरा माणूस असतो, आणि तिथे धोका वेगळाच: तुमचा रेझ्युमे दोन वाटांनी एकाच कंपनीत पोहोचला, की कमिशन कोणाचं या भांडणापेक्षा तुम्हालाच वगळणं एचआरला सोपं वाटू शकतं. तेव्हा ‘माझ्या लेखी होकाराशिवाय प्रोफाइल पुढे पाठवू नये’ ही ओळ त्याच मेलमध्ये टाकावी आणि रेझ्युमे तूर्त जोडू नये.