आजीला दूध चालत नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. तेव्हापासून आपला अंक पहिल्या पानाच्या माथ्यापासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेल्या मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचतो. निविदा सूचनाही वाचतो. सवय आहे.

पत्रास कारण, आपल्या रविवार पुरवणीतलं कोडं. ‘सहकुटुंब सोडवा’ असं वर छापलं होतं, म्हणून आम्ही सहकुटुंब बसलो. उठलो तेव्हा कुटुंबात तीन पक्ष झाले होते.

आपण ते विसरला असाल, म्हणून उद्धृत करतो. घरात चौघं : आजोबा, आजी, सून आणि नातू. पेयं चार : चहा, कॉफी, ताक, दूध. प्रत्येकाचं पेय वेगळं. नातू चहा-कॉफी घेत नाही. आजीला दूध चालत नाही. आजोबा चहा किंवा ताक यांखेरीज कशाला हात लावत नाहीत. सून कॉफी घेते. तर कोण काय पितं?

आमच्या नातीनं लगेच चार ओळी आणि चार रकाने आखले. ही पद्धत उत्तम. जे शक्य नाही तिथं फुली, जे पक्कं तिथं बरोबरची खूण, आणि एकदा बरोबर पडलं की त्या ओळीत आणि त्या रकान्यात उरलेल्या सगळ्या जागी फुल्या. मी मात्र आधी अंदाजपत्रक केलं. पहिल्या माणसाला चार पेयं मोकळी, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला उरलेलं एक. म्हणजे एकूण 24 मांडण्या. कोडं म्हणजे या 24 मधून 23 बाद करण्याचं काम. नातवाच्या अटीनं 12 उरतात, आजीच्या अटीनं 10, आजोबांच्या अटीनं 5, आणि सुनेच्या कॉफीनं 2.

दोन, महोदय! एकीत आजोबा चहा घेतात आणि आजी ताक. दुसरीत आजोबांपुढे ताक आहे आणि आजी चहा पिते आहे. दोन्हींत नातवाला दूध, सुनेला कॉफी, आणि चारही अटी तंतोतंत पाळलेल्या. आपण मात्र पानाच्या तळाशी, उलट्या अक्षरांत, ‘आजी : ताक’ असं ठणकावून छापलं होतं.

मी ‘हे काम सदोष आहे’ असा शेरा मारत होतो, तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, सदोष काय त्यात? तिला दूध चालत नाही म्हटल्यावर ती चहा कशी घेईल? चहात काय नुसतं पाणी असतं?” आजीचा चहा गेला, दुसरी मांडणी बाद झाली, आणि आपलं छापील उत्तर बरोबर ठरलं. आपण सुटलात असं वाटलं. पण नातीनं पेन्सिल चावत विचारलं, “मग ताक कशाचं करतात?” आता आजीला ताकही नाही. कॉफी सुनेची आहे, म्हणजे आजी कोरडीच. उत्तर शून्य.

एकच कोडं, मी सोडवलं तर दोन उत्तरं, सौ.नी सोडवलं तर एक, नातीनं सोडवलं तर एकही नाही. सूनबाईंनी चौथा मुद्दा काढला, की सगळ्यांची पेयं करून कोण देतं हे कोड्यात कुठंच लिहिलेलं नाही. तो तर्कशास्त्राबाहेरचा म्हणून मी कामकाजातून वगळला. दुपारचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला.

यात दोष कुठं आहे ते सांगतो. ‘दूध’ हा शब्द आपण यादीतल्या एका पेयाचं नाव म्हणून वापरला, आणि वाचकानं तो आपल्या घरातला म्हणून वाचला. कोडं कुटुंबासाठी असेल तर कुटुंब आपलं सगळं व्यवहारज्ञान घेऊन कोड्यात शिरणार, त्याला दारात अडवता येत नाही. दुरुस्ती साधी आहे. आजीची अट अशी लिहा : ‘आजी चहा घेत नाही आणि पेलाभर नुसतं दूधही घेत नाही.’ कॉफी सुनेची, म्हणून आजीला ताकच. उरलं चहा आणि दूध. नातू चहा घेत नाही, म्हणून चहा आजोबांचा.

इथं आणखी एक गोष्ट लक्षात येईल. या नव्या रचनेत आजोबांची अट न वापरताच आपण शेवटाला पोचलो! माझी तपासणीची रीत हीच आहे : एकेक अट झाकायची आणि पुन्हा सोडवायचं. आजीची अट झाकली तर तीन उत्तरं निघतात, सुनेची झाकली तर चार, म्हणजे त्या दोन्ही भार घेतात. नातवाची झाकली तरी चालतं, आजोबांची झाकली तरी चालतं. दोन्ही एकदम झाकल्या तर मात्र पुन्हा दोन उत्तरं. त्या दोन अटींपैकी एक जादा आहे. शुद्धतावादी ती काढून टाकतील. मी ठेवीन. आमच्या खात्यात याला सुरक्षितता गुणांक म्हणत, आणि नऊ वर्षांच्या मुलीला आजोबांच्या वाटेनं जमलं नाही तर नातवाची वाट मोकळी हवी.

एकच उत्तर असणं हा माझा हट्ट नाही, हा धंद्याचा पहिला नियम आहे. आपण छापता त्या सुडोकूचं पाहा. दिलेले अंक 17 पेक्षा कमी असतील तर उत्तर एकच राहूच शकत नाही, हे 2012 मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकाकडून एकूण एक शक्यता तपासून दाखवलं. पण त्याचा अर्थ 17 दिले की झालं असा नाही, याहून कितीतरी जास्त अंक देऊनही दोन उत्तरं निघू शकतात. शेवटी तपासावंच लागतं.

तरी माझा प्रस्ताव असा. दर रविवारी एक तर्ककोडं मी देईन. आकडेमोडीचं नाही, कारण आकडेमोड आली की आमचा मुलगा फोन काढतो आणि बाकीचे उठून जातात. प्रत्येक कोडं आधी मी सर्व मांडण्या मोजून तपासीन. मग सौ. त्यात व्यवहार शोधतील आणि शेवटी नात खुसपट काढेल. तिघांचं उत्तर एकच आलं तरच ते आपल्याकडे येईल. काही आठवड्यांत तसं एकही कोडं निघणार नाही, त्या आठवड्यांत आपण राशिभविष्य वाढवावं.

अटी दोनच. उत्तर त्याच पानावर उलटं छापू नये, पुढच्या रविवारी छापावं. उलटी अक्षरं वाचण्यात आमच्या पिढीचा हात कोणी धरू शकत नाही. आणि मुद्रितशोधनात ‘नाही’ हा शब्द जपावा. बातमीतला एखादा ‘नाही’ गळला तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. कोड्यातला गळला, तर शेकडो घरांत रविवारचं जेवण थंड होतं आणि खुलासा पोचेपर्यंत सोमवार उजाडलेला असतो.

मानधनाची अपेक्षा नाही. अंकाच्या दोन प्रती मिळाव्यात, कारण सध्या कोड्याचं पान आणि त्याच्या पाठीमागची पाककृती यांवरून आमच्याकडे कात्री निघते.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपअभियंता

ता. क. : सोबत पहिली चार कोडी जोडली आहेत. उत्तरं मुद्दाम जोडलेली नाहीत. आपण घरी सर्वांना घेऊन सोडवावीत, आणि एकाहून जास्त उत्तरं निघाली तर ती कोणी काढली हे कळवावं. त्या व्यक्तीला तपासणी समितीत घेण्याचा विचार आहे.