ते आपलं हे

आबांचं क्रियापद कधी हरवत नाही, हरवतं ते नाम. "आणलं, बसवलं, चालू केलं" इथवर गाडी सुसाट. काय आणलं, हे सांगायची वेळ आली की मात्र "ते आपलं हे". दुसरा एखादा कपाळ चोळत गप्प बसेल. शब्द सापडेना म्हणून बोलणंच थांबवायचं, हे आबांना बैल लंगडला म्हणून बाजारच मोडण्यासारखं वाटतं.

परवा विहिरीवरची मोटार पाणी धरीना, म्हणून आबा माजलगावच्या मोंढ्यात मशिनरीच्या दुकानात शिरले.

"एक ते दे."

"कोणतं, आबा?"

"जिभेवर हाय बघ. मोटार बंद केली की पाणी माघारी जाऊ देत न्हाई, ते."

वर्णन चोख होतं. खोट एवढीच, की ते दुकानातल्या दोन वस्तूंना लागू पडत होतं. पोराने एनआरव्ही पुढं ठेवला. तोही पाणी माघारी येऊ देत नाही, पण तो बसतो पंपाच्या पुढं, पाणी वर चढतं त्या पाइपात. काम सांगून भागेना, तेव्हा आबांनी जागा सांगितली.

"हिरीत असतंय रे. पाइपाच्या पार बुडाला, पाण्यात बुडालेलं. खाली जाळी, आत वायसर. वायसरात काडी अडकली की पाइपातलं पाणी गळून जातंय अन् मोटार नुसतीच कोरडी फिरती."

"गाळणी का?"

"न्हाई! तू नावं सुचवू नको, बाबा. तू इचार."

यात आबांचा अनुभव बोलत होता. जवळचं पण चुकीचं नाव एकदा कानात शिरलं की तेच पुन्हापुन्हा तोंडावर येतं आणि खरं आणखी लांब पळतं. प्रश्न विचारला तर निदान हो-नाही म्हणत पुढं सरकता येतं. पोराला हे कुठं ठाऊक?

"खेळातलं नाव हाय त्याचं," आबांनी नवी वाट काढली.

"क्रिकेट?"

"पायानं खेळत्यात, पायानं!"

"कबड्डी?"

आबांनी हवेत सणसणीत लाथ झाडली. ती पीव्हीसी बेंडच्या खोक्याला बसली, चप्पल काउंटरखाली गेली आणि गल्ल्यावरून मालक ओरडले, "फुटबॉल! अडीच इंची का तीन?"

छापील यादीत त्याला फूट व्हॉल्व्ह म्हणतात, पण शेतकरी मागतो तो फुटबॉलच.

"मग मी मघापासून काय म्हणायलोय?" चप्पल शोधत आबा म्हणाले. "अडीच."

बिल झालं. पायरीवरून ते परत फिरले.

"अन् ते पण दे. पांढरं."

आता पोरगं शहाणं झालं होतं. "कशाला लागतंय?"

"आट्यांवर गुंडाळायला."

टेफलॉन टेप पुढं आला. आबांनी तो खिशात टाकला. त्याचं नाव काय, ही चौकशीसुद्धा केली नाही.