कारण : विनंतीवरून

कॉलेज का सोडतेय हे पुण्याच्या नव्या कॉलेजसाठी दोनशे शब्दांत लिहायचं होतं, आणि कॉलेजला नावं ठेवायची नव्हती. नावं न ठेवता दोनशे शब्द बोलणारं माणूस आमच्या घराण्यात नाही.

पहिल्या खर्ड्यात पहिल्याच ओळीत सावित्रीबाई आल्या. नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यातलं. १८३१चा जन्म, पुढे पुणे. मीही निघाले होते पुण्यालाच! संख्याशास्त्राच्या सरांनी लाल पेन उघडलं. "त्या शिकवायला लागल्या. तू बदली मागतेयस."

दुसऱ्या खर्ड्यात गावाची ओळख. कारण खंडाळा म्हटलं की पुणेकर धबधबे आणि चिक्कीवर येतो. ते दुसरं, लोणावळ्याचं. घाट आम्हालाही आहे, खंबाटकीचा, पण त्यावर कुणी गाणं लिहिलं नाही. साताऱ्याला जाताना वळणं घेत चढायचं, परतताना सरळ बोगद्यातून यायचं. म्हणजे विद्येकडे जाताना मळमळ आणि घराकडे येताना झोप. दोन वर्षं हेच केलं. सरांनी हा अख्खा परिच्छेद कापला. इथे कापणारं कुणी नाही म्हणून परत लावलाय.

तिसऱ्यांदा खरं लिहिलं : 'इथे तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र हा मुख्य विषय नाही.'

"ही तक्रार झाली," सर म्हणाले. "वाचणारा म्हणेल, उद्या आमच्याबद्दलही लिहील. इथे काय मिळालं ते सांग, आणि ते कुठे अडलं ते."

मग एस.टी. आठवली. प्रकल्पासाठी मी चाळीस दिवस सकाळच्या गाडीचा उशीर वहीत टिपला होता. सरासरी आली ११ मिनिटं. मी खूश. सरांनी विचारलं, "यातल्या किती दिवशी अकरा मिनिटं उशीर झाला?" एकाही दिवशी नाही. ३२ दिवस पाचेक मिनिटं, आणि घाटात ट्रक बंद पडला त्या ८ दिवशी पस्तीसेक. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून मी तिसरीच, कधी न घडलेली, तयार केली होती. अशा दोन उंचवट्यांच्या आकड्यांचं काय करायचं, ते मला पुढे शिकायचं होतं. लिहिलं तेवढंच. तक्रार आपोआप गळाली.

राग मात्र गळाला नाही. विषय का नाही, हे कॉलेजला कुणी दोनशे शब्दांत लिहायला लावत नाही. आणि ज्यांनी तास संपल्यावर थांबून ही वही तपासली, तेच सर आता मला घालवायला मदत करत होते. त्यांचे आभार मानणारी ओळ त्यांनी स्वतःच खोडली. "शब्द वाढतात."

सातारा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पुणे वेगळ्या. म्हणून दाखल्याबरोबर स्थलांतर प्रमाणपत्रही लागलं. अर्जात नव्या विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहायचं होतं. २०१४पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. खोडून दाखवा म्हटलं, सर.

ऑफिसातल्या काकांनी दाखल्यावर 'सोडण्याचे कारण' या रकान्यात मान वर न करता लिहिलं : विनंतीवरून.

"एवढंच?"

"रकाना लहान आहे, बाळ."